सातव्या आठवड्यात दिसलेली गाठ

डॉक्टर ताई, मला सातवा आठवडा संपत आलाय. पहिल्या सोनोग्राफीत गर्भपिशवीत बाळाचे ठोके दिसले, पण रिपोर्टमध्ये उजव्या अंडाशयात ४.८ बाय ४.२ सेंटिमीटरची गाठ आहे असंही लिहिलंय. पुढे ‘आत जाळीसारख्या रेषा, बहुधा कॉर्पस ल्युटियम सिस्ट’ असं आहे. आमच्या डॉक्टर म्हणतात, काळजी नको, बाराव्या आठवड्यात पुन्हा बघू. पण मला उजवीकडे कधी कधी टोचल्यासारखं होतं. माझ्या नणंदेची गाठ पिळली होती, रातोरात ऑपरेशन करावं लागलं. ती म्हणते आत्ताच काढून टाक, निदान सीए-१२५ची तपासणी तरी करून घे. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू आहेत, त्या गाठ विरघळायला दिल्यात का? थांबू की काढून टाकू?

* * *

थांबा. आत्ता ही गाठ काढायची नाही, कारण आज तुमचा गर्भ तिच्याच जिवावर टिकून आहे. ऐकायला हे विचित्र वाटेल, म्हणून ती आली कुठून ते आधी सांगते.

गर्भ राहिला त्या महिन्यात तुमच्या उजव्या अंडाशयात एक बीजकोश वाढला, साधारण २ सेंटिमीटरचा झाला, फुटला आणि बीज बाहेर पडलं. रिकामा झालेला कोश तिथेच राहतो आणि त्याचं दुसरं काम सुरू होतं. त्याच्या भिंतीत भराभर नव्या रक्तवाहिन्या शिरतात, पेशी फुगतात, त्यांत पिवळसर द्रव्य साठतं आणि तो प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवून धरणारं संप्रेरक तयार करू लागतो. कॉर्पस ल्युटियम या लॅटिन शब्दांचा अर्थच पिवळा पिंड असा आहे. मराठी पुस्तकांत त्याला पीतपिंड म्हणतात. गर्भ राहिला नाही तर हा पिंड साधारण १४ दिवसांत सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते. गर्भ राहिला तर तो रुजताना एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात सोडतो. घरच्या किटवर दुसरी रेघ उमटते ती याच संप्रेरकामुळे. त्या एचसीजीच्या जोरावर पीतपिंड सुकायचा थांबतो आणि आणखी काही आठवडे काम करत राहतो.

कोश फुटून बीज बाहेर पडताना पोकळीत थोडं रक्त उतरतं. नव्या, नाजूक रक्तवाहिन्यांतूनही कधी कधी ते झिरपतं. त्यामुळे काही जणींत हा पिंड पाण्याने किंवा रक्ताने भरून टम्म फुगतो. साधारण ३ सेंटिमीटरच्या पुढे गेला की रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे ‘सिस्ट’ हा शब्द लागतो. पिंड तोच असतो, फक्त आत पाणी जास्त. तुमची ४.८ सेंटिमीटरची गाठ यातलीच दिसते. ६ सेंटिमीटरच्या आणि क्वचित त्याहून मोठ्या कॉर्पस ल्युटियम सिस्ट मी आपोआप विरून गेलेल्या पाहिल्या आहेत.

आता काढण्याबद्दल. वार तयार होऊन पुरेसं प्रोजेस्टेरॉन स्वतः बनवू लागेपर्यंत सगळी भिस्त या पिंडावर असते. ही जबाबदारी साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात हळूहळू वारेकडे जाते आणि दहाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक पुरी होते. (आठवडे म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले.) हे आपल्याला नेमकं कळलं ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, आर्पाद चापो या संशोधकाच्या कामामुळे. गर्भपात करून घेण्याचं आधीच ठरवलेल्या स्त्रियांमध्ये त्यांनी पीतपिंड शस्त्रक्रियेने काढला आणि पुढे काय होतं ते पाहिलं. सातव्या आठवड्याच्या आत पिंड काढला तेव्हा प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरलं आणि गर्भ पडला. नवव्या आठवड्यानंतर काढला तेव्हा गर्भ टिकला. पुढच्या प्रयोगात पिंड काढून बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं, तेव्हा लवकरच्या आठवड्यांतही गर्भ टिकवता आला. आजही दहाव्या आठवड्याच्या आत काही कारणाने हा पिंड गमवावा लागला तर आम्ही बाहेरून प्रोजेस्टेरॉन देतो, त्यामागे हेच ज्ञान आहे.

म्हणजे तुमच्या नणंदेचं ऐकून या आठवड्यात गाठ काढायची, तर भूल द्या, पोटात शिरा, गर्भाचा आधार काढून घ्या आणि मग तोच आधार औषधाने पुन्हा द्या, असा सगळा खटाटोप होईल. तोही अशा गाठीसाठी, जी बहुतेक वेळा आपोआप जाते.

तुमचा रिपोर्ट आता माझ्यासोबत वाचा, कारण धीर देणारी गोष्ट त्यातच आहे. सर्वांत महत्त्वाची ओळ गाठीबद्दलची नाही. गर्भपिशवीच्या आत गर्भ दिसला आणि त्याचे ठोके दिसले, ही ती ओळ. हे दिसलं नसतं तर मी तुम्हाला पूर्ण वेगळं उत्तर लिहिलं असतं. नळीत रुजलेला गर्भ आणि कॉर्पस ल्युटियम सोनोग्राफीत फसवण्याइतके सारखे दिसू शकतात. दोन्ही गोल, दोन्हींच्या कडेने रंगीत डॉपलरमध्ये रक्तप्रवाहाचं लालभडक कडं. सोनोग्राफीवाले या कड्याला आगीचं कडं म्हणतात. फरक ओळखायला आतून तपासणीच्या प्रोबने हलकेच ढकलून पाहतात. गाठ अंडाशयाबरोबर हलली तर ती अंडाशयातलीच. अंडाशय एकीकडे सरकलं आणि गोळा वेगळा राहिला तर नळीतल्या गर्भाचा संशय घ्यायचा. म्हणून ज्यांना अजून पिशवीत गर्भ दिसलेला नाही, किट पॉझिटिव्ह आहे आणि बाजूला ‘गाठ’ आहे, त्यांनी माझं हे उत्तर आपल्याला लागू आहे असं धरू नये. त्यांना लवकर पुन्हा सोनोग्राफी आणि रक्तातल्या एचसीजीची मोजणी लागते.

पिशवीत गर्भ दिसला म्हणजे नळीत दुसरा नाहीच, असं शंभर टक्के म्हणता येत नाही. पण नैसर्गिकपणे राहिलेल्या गरोदरपणात दोन्हीकडे एकाच वेळी गर्भ असणं अतिशय दुर्मीळ आहे. टेस्ट ट्यूब उपचारानंतर मात्र ही शक्यता ध्यानात ठेवावी लागते. तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. असे उपचार झाले असतील तर डॉक्टरांना आवर्जून आठवण करून द्या. बीज वाढवण्याच्या इंजेक्शनांमुळे दोन्ही अंडाशयांत एकदम पुष्कळ गाठी होऊ शकतात, त्यांचं वागणं आणि उपचारही वेगळे असतात.

दुसरी ओळ, ‘आत जाळीसारख्या रेषा’. याची तुम्हाला भीती वाटली असेल. ती साकळत चाललेल्या रक्ताची खूण आहे. रक्त गोठतं तेव्हा आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू तयार होतात, सोनोग्राफीत तेच दिसतात. काही दिवसांनी गुठळी आकसून भिंतीला चिकटते आणि घट्ट गोळ्यासारखी दिसू लागते. मग एखादा रिपोर्ट ‘आत घट्ट भाग’ असं म्हणतो आणि घरात रडारड सुरू होते. अशा वेळी पाहायचं ते एवढंच, की त्या घट्ट भागाच्या आत रक्तप्रवाह आहे का. गुठळीत तो नसतो. कॉर्पस ल्युटियममध्ये रक्त कडेने फिरतं, मध्ये नाही. घट्ट भागाच्या आत रक्तवाहिन्या दिसणं, भिंतीवर आतून कोंबासारखे उंचवटे असणं, पोटात बरंच पाणी साठणं, यांपैकी काही लिहिलं असेल तर अनुभवी सोनोग्राफीतज्ज्ञाकडून दुसरं मत घ्यावं. तुमच्या रिपोर्टमधल्या ज्या ओळी तुम्ही कळवल्या आहेत, त्यांत असं काहीच नाही.

सीए-१२५ करू नका. इथे मी नणंदेच्या सल्ल्याला स्पष्ट नाही म्हणते. हे प्रथिन फक्त अंडाशयाच्या कर्करोगात वाढतं असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात गर्भपिशवीचं गरोदरपणातलं अस्तरही ते तयार करतं आणि पहिल्या तीन महिन्यांत त्याची पातळी नेहमीच्या मर्यादेच्या वर जाणं स्वाभाविक आहे. म्हणजे तुमचा आकडा जास्त आला तरी त्यावरून काही ठरवता येणार नाही, फक्त झोप उडेल. मग ‘खात्री करायला’ पुढची तपासणी, आणि त्यातून पुढची. गरोदरपणात दिसणाऱ्या अंडाशयाच्या गाठींपैकी फार थोड्या कर्करोगाच्या निघतात. तो संशय घ्यायचा असतो गाठीच्या रूपावरून आणि ती टिकून राहते की नाही यावरून.

प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी गाठ विरघळत नाही आणि त्यांनी ती वाढतही नाही. तुम्हाला त्या कशासाठी दिल्या ते डॉक्टरांना सरळ विचारा. आधी गर्भपात झाले असतील आणि आता अंगावरून रक्त जात असेल, तर त्या देण्याला पुराव्याचा आधार आहे. कारण काही असो, मनाने बंद करू नका.

आता ज्या भीतीने तुम्ही पत्र लिहिलंत, तिकडे येते. पीळ पडण्याची भीती खरी आहे. मला ती खोटी ठरवायची नाही. पण पीळ कसा पडतो आणि तो ओळखायचा कसा, हे नीट कळलं तर बाराव्या आठवड्यापर्यंतचा वेळ तुम्ही सावध राहून, पण न घाबरता काढू शकाल.

अंडाशय ओटीपोटात दोन देठांवर लटकलेलं असतं. एक देठ ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीकडे जातो, दुसरा गर्भपिशवीकडे. रक्त आणणाऱ्या आणि नेणाऱ्या वाहिन्या याच देठांमधून जातात. अंडाशयात गाठ झाली की त्याचं वजन वाढतं आणि एखाद्या हालचालीने ते स्वतःभोवती फिरू शकतं, झोपाळ्याच्या कड्या एकमेकींत गुंतून पीळ पडतो तसं. अगदी छोटी गाठ सहसा फिरत नाही आणि फार मोठी गाठ फिरायला जागा नसते. जास्त धोका मधल्या आकारात, साधारण ६ ते १० सेंटिमीटरच्या गाठींत असतो. पाच सेंटिमीटरच्या आसपास असलेल्या तुमच्या गाठीला तो कमी आहे, शून्य नाही. काळ म्हणाल तर सहाव्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचा जास्त जपायचा. नंतर वाढलेली पिशवी ओटीपोटातून वर सरकते आणि अंडाशयाला फिरायला पूर्वीसारखी मोकळीक राहत नाही.

पीळ पडला की आधी शिरा दबतात, कारण त्यांच्या भिंती पातळ असतात. धमन्यांची भिंत जाड, त्या उशिरा दबतात. म्हणजे रक्त आत येत राहतं आणि बाहेर जाऊ शकत नाही. अंडाशय सुजतं, जड होतं, आणखी पिळतं. एक महत्त्वाची गोष्ट यातूनच समजते. पीळ पडलेल्या अंडाशयातही डॉपलरवर रक्तप्रवाह दिसू शकतो. ‘रक्तप्रवाह चांगला आहे’ असं रिपोर्ट म्हणत असेल पण बाई वेदनेने कळवळत असेल, तर मी बाईवर विश्वास ठेवते.

ही शिकवण मला एका रुग्णाने दिली. बरीच वर्षं झाली, पण तिचं सगळं मला तारीखवार आठवतं. नववा आठवडा, डाव्या अंडाशयात साडेसहा सेंटिमीटरची गाठ, सातव्या आठवड्यातच दिसलेली, कॉर्पस ल्युटियमसारखीच. एका रात्री कुशीवर वळताना तिच्या डाव्या ओटीपोटात एकदम कळ आली. लगेच दोन उलट्या झाल्या. तासाभरात सगळं शांत. सकाळी तिने जवळच दाखवलं. सोनोग्राफीत बाळाचे ठोके उत्तम, अंडाशयात रक्तप्रवाह आहे, म्हणून तिला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं. उलट्या तर या दिवसांत होतातच, असं तिलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, या वेळी दोन तास. तिसऱ्या रात्री कळ आली ती थांबेचना, तेव्हा ती माझ्याकडे आली.

मी तिला विचारलं, उलटी आधी होते की दुखणं आधी सुरू होतं? ती म्हणाली, दुखणं आधी, आणि कळ वर चढली की उलटी. गरोदरपणाची मळमळ अशी कळीच्या मागून येत नाही. ती दिवसभर रेंगाळते, वासाने, रिकाम्या पोटी वाढते, आणि तिच्यात पोटाची एकच बाजू दुखत नाही. पुन्हा सोनोग्राफी केली. आधी साडेसहा सेंटिमीटरची गाठ असलेलं ते अंडाशय आता सगळं मिळून ९ सेंटिमीटरचं झालं होतं, आपली डावी जागा सोडून पिशवीच्या पुढे मधोमध आलं होतं आणि त्याच्या देठाशी पाण्यातल्या भोवऱ्यासारखी वेटोळी दिसत होती. कडेने थोडा रक्तप्रवाह अजूनही होता. आम्ही वाट पाहिली नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर देठाला पूर्ण दोन वेढे पडलेले आणि अंडाशय जांभळं-काळं.

पूर्वी असं काळं पडलेलं अंडाशय सरळ काढून टाकत. आता कळलंय की रंगावरून ते मेलं असं ठरवता येत नाही. पीळ सोडवला तर बहुतेक वेळा ते सावरतं. आम्ही वेढे उलगडले, गाठीतलं पाणी सुईने ओढून वजन कमी केलं आणि अंडाशय जागेवर ठेवलं. शस्त्रक्रिया संपेपर्यंत काळेपणा थोडा उतरला होता. पिंडाला धक्का बसला असणार आणि दहावा आठवडा अजून लागायचा होता, म्हणून बाहेरून प्रोजेस्टेरॉन सुरू केलं. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ते अंडाशय जवळपास नेहमीच्या आकाराचं होतं आणि बाळ नीट वाढत होतं. पुढे पूर्ण दिवस भरून ती बाळंत झाली.

तिला पहिल्या रात्रीच ‘ही पिळाची कळ असू शकते’ हे माहीत असतं तर तिचे तीन दिवस वाचले असते. कळ थांबली म्हणजे संकट टळलं, असा तिचा आणि तिला तपासणाऱ्यांचा समज झाला. पीळ अर्धवट पडतो, सुटतो, पुन्हा पडतो. येऊन-जाऊन असणं हाच त्याचा स्वभाव आहे.

म्हणून तुमच्या टोचण्याबद्दल. क्षणभर टोचणं, वळताना किंवा शिंकताना बाजूला ओढल्यासारखं होणं, दिवसभराच्या कामानंतर त्या बाजूला हलकं जड वाटणं, हे फुगलेल्या पीतपिंडाचं नेहमीचं आहे. ते बसल्यावर, पडल्यावर कमी होतं आणि त्यात उलटी नसते. याउलट एका बाजूला अचानक सुरू झालेली, श्वास धरायला लावणारी कळ, तिच्यासोबत उलटी, कधी पाठीत किंवा मांडीकडे उतरणारी वेदना, असं झालं तर ती अर्ध्या तासात थांबली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. थांबली नाही तर त्याच क्षणी निघा, रात्र असो की पहाट. निघताना खाणं-पिणं थांबवा, भूल लागू शकते. घरी दुखणं दाबत बसू नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या तर गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत. किरकोळ दुखण्याला पॅरासिटामॉल चालते, पण गोळी घेऊनही कळ उतरत नसेल तर तेच निघण्याचं कारण समजा.

उजव्या बाजूचं दुखणं आहे म्हणून आणखी एक. अपेंडिक्स तिकडेच असतं. सुरुवातीला बेंबीभोवती दुखून मग उजवीकडे सरकलेली, हळूहळू वाढत जाणारी वेदना, सोबत ताप आणि अन्नावरची वासना उडणं, असं असलं तर सगळं खापर गाठीवर फोडू नये. तपासणाऱ्या डॉक्टरांना गाठीचंही सांगा आणि वेदना कुठून सुरू झाली तेही सांगा.

पिळाखेरीज एक गोष्ट होऊ शकते, गाठ फुटणं. हे एखाद्या जोराच्या हालचालीने, संबंधाच्या वेळी किंवा काहीच कारण नसताना होतं. एकदम झणकन दुखतं आणि बहुतेक वेळा काही तासांत ओसरतं, कारण आत साठलेलं थोडंसं पाणी किंवा रक्त पोट शोषून घेतं. दवाखान्यात निरीक्षण, काही तासांच्या अंतराने दोनदा हिमोग्लोबिन आणि पुन्हा एक सोनोग्राफी, एवढ्यावर अनेक जणी घरी जातात. पिंड फुटल्यावरही त्याची भिंत काम करत राहू शकते, त्यामुळे गाठ फुटली म्हणजे गर्भ गेला असं नाही. धोका आहे तो रक्तस्राव थांबला नाही तर. डोळ्यांपुढे अंधारी येणं, उभं राहताच घेरी, घाम, छातीत धडधड, पोट फुगून ताठ होणं आणि खांद्याच्या टोकाला दुखणं, ही पोटात रक्त साठत असल्याची चिन्हं आहेत. खांदा कशाला दुखेल असं वाटेल, पण पोटातलं रक्त छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला टोचतं आणि त्या पडद्याची जाणीव खांद्यात उमटते. अशा वेळी स्वतः गाडी चालवू नका, रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं किंवा औषधं चालू असतील, तर साध्या वाटणाऱ्या दुखण्यालाही लवकर दाखवायचं.

रोजच्या हालचालींवर तुम्ही काही विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून सांगते. अंथरुणात पडून राहिल्याने पीळ टळत नाही. घरातलं काम, चालणं, नोकरी चालू ठेवा. उड्या, झटक्यांचे व्यायाम, पोटाला पीळ देणारी आसनं मी बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी होईपर्यंत बाजूला ठेवायला सांगते. संबंधांना बंदी नाही, पण त्या बाजूला दुखत असेल तर तेवढे दिवस थांबावं. ही दोन्ही माझी अनुभवाची मतं आहेत, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका, त्यांनी तुम्हाला तपासलंय.

बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी तशीही ठरलेली असते, अकराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या दरम्यानची. बाळ पाहताना तिथेच अंडाशयांचीही मोजमापं घ्यायला सांगा. मधल्या काळात दर आठवड्याला गाठ मोजून काही साधत नाही. दोन-चार मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्या हातामुळेही पडतो. तोवर ती बहुधा लहान झालेली असेल, कदाचित दिसणारही नाही. काहींची चौदाव्या-सोळाव्या आठवड्यापर्यंत रेंगाळते, तीही चालते.

सोळाव्या आठवड्यानंतरही ती तेवढीच राहिली किंवा वाढली, तर मात्र ती कॉर्पस ल्युटियम नव्हती असं धरून नव्याने विचार करायचा. मग सहसा नाव निघतं डर्मॉइडचं, ज्यात चरबी, केस असं काहीबाही असतं, किंवा एंडोमेट्रिऑसिसच्या गाठीचं, जिच्यात जुनं, दाट, चॉकलेटच्या रंगाचं रक्त असतं. ही दुसरी गरोदरपणात फसवी ठरू शकते. संप्रेरकांमुळे तिच्या आतल्या भिंतीवर रक्तवाहिन्या असलेले उंचवटे येतात आणि ती कर्करोगासारखी दिसते. अशा वेळी घाईने पोट उघडण्याआधी अनुभवी तज्ज्ञाकडून सोनोग्राफी आणि लागला तर एमआरआय करतात. त्यात शिरेतून रंगद्रव्य देत नाहीत. दोन्ही गाठी लहान असतील आणि त्रास देत नसतील तर बाळंतपणापर्यंत नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. मोठी, त्रास देणारी किंवा संशयास्पद गाठ काढायची झालीच, तर चौदा ते वीस आठवड्यांचा काळ निवडतात. तोपर्यंत वार सगळं प्रोजेस्टेरॉन बनवत असते, आपोआप जाणाऱ्या गाठी गेलेल्या असतात आणि पिशवी अजून इतकी मोठी नसते की दुर्बिणीला जागा उरू नये.

नणंदेची गाठ कोणत्या प्रकारची होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. डर्मॉइड पीळ पडण्यासाठी कुप्रसिद्धच आहे आणि ती आपोआप जात नाही. तिच्या ऑपरेशनचा कागद घरात असेल तर एकदा काढून पाहा, त्यावर आकार आणि तपासणीनंतरचं नाव असेल. तिला तसा अनुभव आल्यावर ती घाबरणारच. माझं हे उत्तर तिलाही वाचायला द्या, कारण रात्री कळ आलीच तर तुम्हाला दवाखान्यात न्यायला तिच्यासारखं पिळाचं दुखणं ओळखणारं माणूस जवळ असणं चांगलं.

आणि रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेवा, शेजारी तुमचा रक्तगटही लिहून ठेवा. तो आरएच निगेटिव्ह असेल तर पोटात रक्तस्राव झाल्यास किंवा शस्त्रक्रिया झाल्यास अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे तुम्हाला पाहणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायला हवं. रात्रपाळीच्या डॉक्टरांना या दोन गोष्टी पाहून अर्धी गोष्ट लगेच कळते.